गिफ्ट व्हाउचरचं लेजर जुळतच नाहीये? दिवाळीची बॅच घेऊन मुळापासून बघू

दरवर्षी दिवाळी झाली की दोन-तीन ओळखीचे अकाउंटंट हाच प्रश्न घेऊन फोन करतात. दुकानाने गिफ्ट व्हाउचर विकलेत, लोक येऊन वापरतायत, पण ट्रायल बॅलन्समधे गिफ्ट व्हाउचर नावाचं लेजर नुसतं वाढत चाललंय, कुणाकडून येणं आहे की कुणाला देणं आहे तेच कळत नाही. मार्चएंडला कुणीतरी कंटाळून तो आकडा राइट ऑफ करतो किंवा डिस्काउंटमधे टाकतो आणि पुढच्या दिवाळीला तेच पुन्हा. माझ्याकडे गेल्या वर्षी एका रेडीमेड कपड्यांच्या दुकानाचं काम आलं, तिथे याच्या तिन्ही चुका एकाच बॅचमधे सापडल्या, म्हणून तीच केस पूर्ण लिहिते.

ऑक्टोबर 2024 मधे या दुकानाने एका कारखान्याला कामगारांना दिवाळीला वाटायला 1,000 रुपयांची 200 व्हाउचर विकली, म्हणजे 2,00,000 रुपये. मुदत 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत. कारखानदाराने पेमेंट बँकेत केलं आणि बिल मागितलं, म्हणून आधीच्या अकाउंटंटने सरळ टॅक्स इन्व्हॉइस बनवून दिलं, सेल्स 1,90,476 आणि 5 टक्क्याने जीएसटी 9,524. इथेच पहिली गाठ बसली. मी काम हातात घेतलं तेव्हा 30 सप्टेंबर 2025 च्या ट्रायल बॅलन्समधे `Sundry Debtors` खाली Gift Voucher नावाचं लेजर होतं आणि त्यात 1,46,000 डेबिट. मालकीणबाईंना विचारलं, मॅडम हे एवढे पैसे कुणाकडून यायचेत, तर त्या म्हणाल्या कुणाकडूनच नाही हो, सगळे पैसे तर मागच्या दिवाळीतच आले.

हे वाक्य ऐकलं की समजायचं, देणं कधी उभंच केलं नाहीये आणि वापर मात्र येण्यात जातोय.

असं का होतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण एन्ट्री पाठ करून हे सुटत नाही. व्हाउचर विकलं त्या दिवशी दुकानाने काहीच विकलेलं नसतं. रॅकवरचा एकही शर्ट हललेला नाही. पैसे आलेत आणि त्या बदल्यात दुकानाने शब्द दिलाय की हा कागद घेऊन जो येईल त्याला 1,000 रुपयांचा माल देऊ. म्हणजे ते देणं आहे, ऍडव्हान्ससारखं. विक्री होते ती कागद परत काउंटरवर येतो आणि माल पिशवीत जातो तेव्हा. जुन्या अकाउंटंटने विक्री पहिल्या दिवशी धरली, काउंटरच्या पीओएसने वापराच्या दिवशी परत धरली, त्यामुळे एकाच मालाची विक्री दोनदा, जीएसटी दोनदा, आणि पहिल्या विक्रीला स्टॉक आयटमच नाही म्हणून त्या महिन्याचा ग्रॉस प्रॉफिट उगाच फुगलेला. तुमच्याकडे ऑक्टोबरचा मार्जिन बाकी महिन्यांपेक्षा एकदम वर दिसत असेल तर सेल्स लेजर उघडा आणि स्टॉक आयटम नसलेली मोठी बिलं शोधा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता जीएसटी पहिल्याच दिवशी का लावला, तर त्यामागे अगदीच कारण नाही असं नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम 12(4) मधे होतं की व्हाउचरमागचा माल ओळखता येत असेल तर टॅक्सची वेळ म्हणजे व्हाउचर दिल्याची तारीख, ओळखता येत नसेल तर वापरल्याची तारीख. कपड्यांचं दुकान आहे, कपडेच घेणार, मग ओळखता येतोय की, असा अर्थ बऱ्याच जणांनी काढला आणि यावर कोर्टबाजीही झाली. मग जैसलमेरच्या 55 व्या कौन्सिल मीटिंगनंतर 31 डिसेंबर 2024 ला सर्क्युलर 243/37/2024 आलं, त्यात स्पष्ट आहे की व्हाउचरचा व्यवहार म्हणजे ना वस्तूचा पुरवठा ना सेवेचा, टॅक्स त्यामागच्या मालावर. आणि फायनान्स ऍक्ट 2025 ने 12(4) आणि सेवांसाठीचं 13(4) दोन्ही कलमं काढूनच टाकायची ठरवली. (हे सगळं फक्त स्वतःच्या दुकानात चालणाऱ्या व्हाउचरबद्दल बोलतेय. दुसऱ्याची व्हाउचर कमिशनवर विकत असाल तर त्या कमिशनवर जीएसटी आहेच, ते प्रकरण वेगळं.)

ओळखता येत नाही हे किती खरं आहे ते याच बॅचमधे दिसलं. दिवाळीच्या आठवड्यात एक कामगार बायकोला घेऊन आला, टॅक्सच्या आधी 1,800 किंमतीचा कुर्ता घेतला. व्हाउचर विकलं ऑक्टोबर 2024 मधे, तेव्हा 1,000 च्या वरच्या रेडीमेड कपड्याला 12 टक्के होते, म्हणजे बिल 2,016 झालं असतं. पण 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 पर्यंतच्या नगाला 5 टक्के आहेत, त्यामुळे बिल झालं 1,890. विकताना लावलेला 5 टक्के हा नुसता अंदाज होता, तो माणूस 2,500 च्या वरचं जॅकेट घ्यायला आला असता तर 18 टक्के लागले असते. रेट वापराच्या दिवसाचा आणि त्या नगाचा, व्हाउचरला स्वतःचा रेट नसतो.

त्या कुर्त्याचं बिल नीट झालं तर एन्ट्री अशी होते:

```
गिफ्ट व्हाउचर देणे  डे.   1,000
यूपीआय / बँक        डे.     890
    सेल्स                        1,800
    सीजीएसटी                        45
    एसजीएसटी                        45
```

म्हणजे बिल पूर्ण 1,890 चं, टॅक्स पूर्ण 1,800 वर, आणि व्हाउचर फक्त पैसे देण्याचा एक मार्ग, कॅश किंवा कार्डसारखा. हे लक्षात राहिलं की अर्धा गोंधळ संपतो.

याच जागी दुसरी चूक सापडली, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते कारण ती दिसत नाही. दुकानात दोन काउंटर. एका काउंटरवरच्या ताई व्हाउचर आलं की पीओएसमधे टेंडर म्हणून गिफ्ट व्हाउचर निवडायच्या, दुसऱ्या काउंटरवर नवीन मुलगा होता, तो 1,000 रुपये डिस्काउंटमधे टाकायचा. ग्राहकाला दोन्हीकडे सारखेच पैसे द्यावे लागतात त्यामुळे तक्रार कुणाचीच नाही. पण वरचंच बिल डिस्काउंटने केलं तर 890 मधूनच टॅक्स निघतो, करपात्र किंमत 847.62 आणि जीएसटी 42.38, म्हणजे एका बिलात 47.62 रुपये टॅक्स कमी भरला गेला. शिवाय दुकानाचे मागच्या वर्षी आलेले 1,000 रुपये कुठेच वळते होत नाहीत. शोधायला सोपी पद्धत म्हणजे डिस्काउंट रजिस्टर काढा आणि बरोबर 500, 1,000, 2,000 असे व्हाउचरच्या किंमतीचे गोल आकडे फिल्टर करा. आम्हाला अशी 21 बिलं मिळाली. खात्री कशी केली, तर दुकानात वापरलेली व्हाउचर बिलाच्या कॉपीला टाचून एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली होती, मी आणि त्या ताई दोघींनी बसून एकेक नंबर स्थळप्रतींच्या बुकाशी ताडून बघितला. 167 कागद निघाले, 146 टेंडरवाले आणि 21 डिस्काउंटवाले. तो डबा नसता तर हे काम झालंच नसतं, म्हणून वापरलेलं व्हाउचर फाडून फेकू नका, कोपरा कापा, तारखेचा शिक्का मारा आणि बिलाला लावा.

आता दुरुस्ती. `Current Liabilities` खाली गिफ्ट व्हाउचर देणे असं एकच लेजर उघडलं आणि पीओएसचं टेंडरवालं जे डेटर्समधलं लेजर होतं ते बदलता येत नसेल तर दर महिन्याच्या शेवटी त्यातला डेबिट या देण्यात वळता करायचा असं ठरवलं. दोन लेजर असायला हरकत नाही, पण महिनाअखेरीस डेटर्समधलं शून्य झालंच पाहिजे, नाहीतर बॅलन्सशीटला एका बाजूला खोटं येणं आणि दुसऱ्या बाजूला फुगलेलं देणं उभं राहतं आणि बँकेला स्टॉक-डेटर्स स्टेटमेंट देत असाल तर तिथेही चुकीचा आकडा जातो.

24-25 चं ऑडिट अजून बाकी होतं त्यामुळे मूळ चूक त्याच वर्षात दुरुस्त करता आली:

```
सेल्स                    डे.  1,90,476
जीएसटी परत येणे         डे.     9,524
    गिफ्ट व्हाउचर देणे              2,00,000
```

मग टेंडरमधून वापरलेली 146 व्हाउचर, ज्या वर्षात वापरली त्या वर्षाच्या तारखेने, देण्यातून डेबिट आणि डेटर्समधल्या लेजरला क्रेडिट, एकूण 1,46,000. आणि डिस्काउंटवाली 21:

```
गिफ्ट व्हाउचर देणे   डे.  21,000
    सेल्स                       20,000
    सीजीएसटी                      500
    एसजीएसटी                      500
```

ती सगळी बिलं 5 टक्क्यांच्या मालाची होती म्हणून आकडा इतका सरळ आला, तुमच्याकडे 5 आणि 18 मिक्स असेल तर बिलवार काढावं लागेल. ऑडिट होऊन वर्ष बंद झालं असेल तर मागच्या वर्षात हात घालू नका, चालू वर्षात आधीच्या काळातली बाब म्हणून वेगळी दाखवा. एवढं झाल्यावर 30 सप्टेंबर 2025 ला देणं आलं 33,000 आणि बुकात परत न आलेली व्हाउचरही बरोबर 33. तो आकडा जुळला तेव्हा त्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण वर्षभर त्यांनाच विचारलं जात होतं पैसे गेले कुठे.

जीएसटीची बाजू पुस्तकापेक्षा घाईची असते. कारखान्याच्या नावाने जीएसटी नंबर घालून इन्व्हॉइस दिलेलं होतं, त्यामुळे क्रेडिट नोट काढून जीएसटीआर-1 मधे दाखवायची, आणि त्याची शेवटची तारीख आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर ती तारीख. 24-25 साठी म्हणजे 30 नोव्हेंबर 2025. आम्ही ऑक्टोबरच्या रिटर्नमधेच घेतली. त्याआधी कारखान्याच्या सीएंना विचारून घेतलं की त्यांनी या बिलाचं इनपुट क्रेडिट घेतलंय का, कारण घेतलं असेल तर त्यांना ते उलटवावं लागतं. त्यांनी घेतलं नव्हतं, भेट म्हणून वाटलेल्या मालाचं क्रेडिट तसंही कलम 17(5)(h) मधे बंद आहे. डिस्काउंटमुळे कमी भरलेले 1,000 रुपये मात्र 18 टक्के व्याजासकट भरले. मालकीणबाई म्हणाल्या 9,524 जास्त गेलेत त्यातून वजा करा की, पण तसं आपल्या मनाने करू नका, दोन्हीचे महिने वेगळे, दोन्ही आपापल्या जागी दाखवायचे.

आणि यापुढे विकताना टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं नाही, साधी पैसे मिळाल्याची पावती द्यायची, त्यावर व्हाउचरचे नंबर, मुदत आणि अटी. टॅलीत `F6` रिसीट, बँक डेबिट आणि देणं क्रेडिट. (टॅलीवाले कुठल्याही एन्ट्रीला व्हाउचरच म्हणतात, त्यामुळे फोनवर समजावताना मी नेहमी गिफ्टचा कागद असं म्हणते, नाहीतर पोरं वेगळीच स्क्रीन उघडून बसतात.) देण्याच्या लेजरला `Maintain balances bill-by-bill` हे Yes करा, विकताना `New Ref`, वापरताना `Agst Ref`. प्रत्येक व्हाउचरला वेगळा रेफ द्यायला काही जण सांगतात, पण 200 रेफ टाकणारा माणूस तिसऱ्या दिवशी शॉर्टकट शोधतो आणि चुका सुरू होतात. मी बॅचला एक रेफ देते, उदाहरणार्थ `GV-2410`, आणि नंबरवार यादी एक्सेलमधे, विकल्याची तारीख, वापरल्याची तारीख, बिल नंबर, शिल्लक. महिन्याच्या शेवटी एक्सेलची शिल्लक आणि लेजर बॅलन्स समोरासमोर, एक रुपयाचा फरक असला तरी त्याच दिवशी शोधायचा.

इथेच तिसरा घोळ सांगते. दुकानाची एक स्कीम होती, 5,000 च्या खरेदीवर 500 चं कूपन फुकट, आणि त्यावरही गिफ्ट व्हाउचर असंच छापलेलं होतं. याचे पैसे कुणी दिलेले नाहीत म्हणून ते देण्याच्या लेजरमधे येताच कामा नये. छोट्या दुकानाला ते वापरलं जाईल तेव्हा बिलावरचा डिस्काउंट, बास. (इंड एएस वाल्या कंपन्यांना अशा कूपनचा वेगळा विचार करावा लागतो.) काउंटरवर दोन्ही कागद सारखे दिसत होते म्हणून तो नवीन मुलगा गोंधळला, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आता विकलेलं व्हाउचर हिरवं आणि स्कीमचं कूपन पिवळं, वर ठळक सवलत कूपन असं छापलंय.

आता उरलेल्या पैशांचं. 33 पैकी 11 व्हाउचर ऑक्टोबरमधे पूर्ण वापरली गेली. 6 जणांनी 1,000 पेक्षा कमी खरेदी केली, एकूण 4,200 ची, आणि उरलेल्या 1,800 च्या शिलकेच्या चिठ्ठ्या नेल्या. दुकानाची अट शिल्लक बुडेल अशी असती तर ते 1,800 त्याच दिवशी उत्पन्नात गेले असते, पण चिठ्ठी दिली म्हणजे देणं जिवंत आहे, फक्त लहान झालं. 31 ऑक्टोबरला देणं राहिलं 17,800, म्हणजे 16 व्हाउचर आणि या चिठ्ठ्या.

मालकीणबाईंचं म्हणणं होतं मुदत संपली, लगेच इन्कममधे घ्या. मी थांबवलं. कागदावर मुदत संपली तरी दुकान खरंच परत पाठवतं का ते बघायचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक आजी आल्या, मुलाने दिलेलं व्हाउचर देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवलेलं आणि आता नातीला फ्रॉक घ्यायचा म्हणून काढलेलं, घडी पडलेल्या जागी कुंकू लागलं होतं. त्यांना नाही म्हणणं मालकीणबाईंना जमलं नाही, आणि ते बरोबरच केलं. पण म्हणजे मुदतीनंतरही देणं आहेच की. म्हणून असं ठरवलं की दुकान साधारण जितके दिवस उशिराची व्हाउचर घेतं तितके दिवस देणं तसंच ठेवायचं आणि मार्चएंडला, कुणी येण्याची शक्यता अगदीच नाहीशी झाली की मग काढायचं. 31 मार्च 2026 ला `F7` जर्नल:

```
गिफ्ट व्हाउचर देणे            डे.  16,800
    न वापरलेल्या व्हाउचरचं उत्पन्न      16,800
```

यावर जीएसटी नाही. मालच दिलेला नाही, पुरवठा झालेला नाही, वरच्याच सर्क्युलरमधे हे नेमकं सांगितलंय. त्यामुळे हे लेजर सेल्समधे ठेवू नका, इतर उत्पन्नात वेगळं ठेवा, नाहीतर वार्षिक रिटर्नला पुस्तकातली विक्री आणि जीएसटीची विक्री जुळवताना हा फरक आठवणार नाही. इन्कम टॅक्स मात्र लागतो. सुप्रीम कोर्टाने 1996 मधे टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्सच्या केसमधे धरलंय की धंद्याच्या व्यवहारात ग्राहकांकडून आलेली रक्कम कुणी मागायला आलं नाही आणि तुम्ही ती नफ्यात वळती केलीत तर ते उत्पन्नच. म्हणून कॅपिटलला क्रेडिट करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि उलट टोकाला जाऊन वर्षानुवर्षं देणं तसंच लटकवतही ठेवू नका, असेसमेंटला पहिला प्रश्न त्यावरच येतो.

एप्रिलनंतर त्या 15 व्हाउचरपैकी एखादं आलंच तर बिल पूर्ण किमतीचं, जीएसटी पूर्ण, आणि 1,000 डेबिट त्या उत्पन्नाच्या लेजरलाच करा, देण्याच्या लेजरला केलंत तर ते डेबिटमधे जाईल आणि परत तोच गोंधळ सुरू होईल.

इंड एएस लागू असलेल्या मोठ्या कंपनीत असाल तर मात्र मार्चपर्यंत थांबायचं हे चालत नाही. इंड एएस 115 सांगतं की मागच्या अनुभवावरून किती व्हाउचर येणारच नाहीत याचा भरवशाचा अंदाज असेल तर ते उत्पन्न वापराच्या प्रमाणात घ्यायचं. समजा 10,00,000 ची विकली, अनुभव असा की 10 टक्के येत नाहीत, म्हणजे 9,00,000 येतील. वर्षअखेर 4,50,000 वापरली, म्हणजे येणार होती त्यातली निम्मी, तर न येणाऱ्या 1,00,000 पैकीही निम्मे 50,000 आत्ताच घ्यायचे आणि देणं 5,00,000 दाखवायचं (जीएसटी बाजूला ठेवून). पण अंदाजाला आकड्यांचा आधार लागतो, दोन-तीन वर्षांची बॅचवार यादी नसेल तर हा रस्ता धरू नका. एएस 9 वाल्या छोट्या दुकानाला याची गरज नाही.

तुमच्या लेजरमधे अजूनही फरक येत असेल तर बॅच कधी विकली, विकताना काय एन्ट्री केली आणि टेंडरचं लेजर कुठल्या ग्रुपखाली आहे एवढं आधी बघून ठेवा, माझ्या अनुभवात यातल्या तिसऱ्या गोष्टीतच फरक सापडतो.